जैद, अम्र आणि फजरची नमाज

कोकणातले बहुतेक मुसलमान शाफई पंथाचे आहेत, तर देशावरचे आणि उत्तरेकडचे बहुतेक हनफी. दोघेही सुन्नी, मशीद एक, इमामही एकच चालतो. फरक आहे तो विधीच्या बारकाव्यांत, आणि कामधंद्यासाठी एकाच गावात राहायला आलेल्या माणसांना तो पहाटे जाणवतो. शाफई इमाम फजरच्या नमाजेत दुसऱ्या रकातीत रुकूतून उभा राहिला की हात उचलून कुनूतची प्रार्थना म्हणतो. हनफी माणसाची सवय वेगळी. त्याच्याकडे कुनूत असते ती रात्रीच्या वित्र नमाजेत, तीही रुकूच्या आधी. फजरला ती म्हणायची तर एखादं मोठं संकट कोसळलेलं असावं लागतं.

मग मागे उभ्या असलेल्या हनफी माणसाने काय करायचं? कुणी गप्प उभा राहतो, कुणी शेजाऱ्याचं बघून हात उचलतो, आणि एखादा सवयीने इमामाच्या आधीच सजद्यात जातो. नमाज संपली की ओसरीवर चर्चा सुरू होते. ती चार-सहा दिवसांत मिटली नाही, तर कुणीतरी म्हणतं, मुफ्तीसाहेबांना लिहून विचारा.

अशा लेखी प्रश्नाला इस्तिफ्ता म्हणतात आणि त्याच्या उत्तराला फतवा. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. मुफ्ती म्हणजे काझी नव्हे. तो साक्षीदार बोलावत नाही, मशिदीत येऊन बघत नाही, दुसऱ्या बाजूला नोटीस काढत नाही. कागदावर जे लिहिलं आहे ते खरं धरून तो उत्तर देतो. म्हणून सारी मदार प्रश्न लिहिणाऱ्यावर असते.

समजा, रागाच्या भरात कुणी असं लिहिलं: ‘आमचा इमाम रोज फजरला एक नवीनच प्रथा चालवतो. आमच्या पंथात ती नाही. अशा इमामामागे नमाज होते का?’ इमाम शाफई आहे, हे यात कुठेच आलेलं नाही. वाचणारा त्याला हनफीच समजणार. ‘नवीनच’ या एका शब्दाने तर निकाल आधीच देऊन टाकला. उलट बाजूनेही कुणी असंच पत्र धाडलं, की ‘काही लोक इमामाची प्रार्थना धुडकावतात’, तर तिकडून वेगळा फतवा येणार. मशिदीत दोन फतवे, आणि आपापल्या कागदापुरते दोन्ही बरोबर! अशी भांडणं वर्षानुवर्षं चालतात, कारण दोघांनी प्रश्नच वेगळे विचारलेले असतात.

हे टाळायला जुन्या उलमांनी एक साधी रीत घालून दिली आहे. खऱ्या माणसांची नावं लिहायची नाहीत. जैद, अम्र, बकर ही ठरलेली नावं. बाई असेल तर हिंदा. उर्दू पत्राची सुरुवातही ठरलेली: ‘क्या फरमाते हैं उलमा-ए-दीन इस मसले में’. नाव गेलं की वैरही अर्धं उतरतं, असा माझा तरी अंदाज आहे. त्या रीतीने आपलं पत्र असं होईल:

‘जैद शाफई असून मशिदीचा इमाम आहे. तो फजरच्या दुसऱ्या रकातीत, रुकूनंतर, मोठ्याने कुनूत म्हणतो. मागच्या जमातीत शाफई आणि हनफी दोघेही आहेत. अम्र हनफी आहे. तो त्या वेळी गप्प उभा राहतो. बकरही हनफी आहे. तो जैदबरोबर कुनूत म्हणतो. विचारायचं ते एवढंच: हनफी पंथानुसार अम्रने आणि बकरने काय करावं?’

यात डोळ्यांना दिसलेलं तेवढंच आहे. कोण हट्टी, कोण अडाणी, हे नाही; आपल्याला कोणतं उत्तर हवं आहे तेही नाही. पंथ मात्र प्रत्येकाचा लिहिला आहे, कारण उत्तर त्यावरच फिरतं.

आणि या प्रश्नाचं उत्तर हनफी ग्रंथांत तयार आहे. बाराव्या शतकातल्या मर्गीनानींच्या ‘हिदाया’त हाच प्रसंग येतो. अबू हनीफा आणि त्यांचे शिष्य मुहंमद यांच्या मते मागच्याने गप्प राहावं. दुसरे शिष्य अबू यूसुफ म्हणतात, इमामाबरोबर म्हणावी. गप्प राहायचं म्हणजे बसून की उभ्याने, यावरही तिथे खल आहे आणि कौल उभं राहण्याकडे आहे. म्हणजे अम्रला गुरूचा आधार, आणि बकरलाही अगदीच वाऱ्यावर सोडलेलं नाही. मुळात प्रेषितांनी काही काळ कुनूत म्हणून मग सोडली, असं हनफी मानतात. फजरला ती शेवटपर्यंत चालू होती, असं शाफई मानतात. दोघांच्याही हाती परंपरेने आलेल्या हदीस आहेत.

जैदला इमामपदावरून काढावं का, याचं उत्तर या फतव्यात शोधू नये. ते विचारलेलंच नाही. फतव्यात प्रश्न वर आणि उत्तर खाली असतं. कुणी मशिदीच्या फळ्यावर नुसता खालचा भाग चिकटवला असेल, तर आधी वरचा भाग मागून घ्यावा.