सही करण्याआधी भाडेकरार काढून बसा

समजा, न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये एका मराठी जोडप्याचं फराळाचं दुकान आहे. गाळा भाड्याचा. इमारतीचा मालक ती विकायला निघतो आणि एक दिवस दोन पानी कागद पाठवतो: 'एस्टॉपेल सर्टिफिकेट', दहा दिवसांत सही करून द्या.

हा कागद खरं तर मालकासाठी नसतो. इमारत घेणारा, किंवा तिच्यावर कर्ज देणारी बँक, भाड्याच्या उत्पन्नावर भरवसा ठेवून पैसे ओतत असते. मालकाचं म्हणणं त्यांना पुरत नाही, म्हणून ते थेट भाडेकरूकडून लिहून घेतात. करार चालू आहे का, त्यात नंतर काही बदल झाले का, भाडं किती आणि कुठल्या महिन्यापर्यंत भरलंय, डिपॉझिट किती, मुदत कधी संपते, ती वाढवून घेण्याचा हक्क आहे का आणि मालकाकडून काही येणं आहे का, एवढंच त्यात असतं.

एस्टॉपेल म्हणजे बोललेल्या शब्दाला बांधलं जाणं. तुमच्या लेखी शब्दावर विसंबून कुणी व्यवहार केला, की नंतर त्याच्याविरुद्ध उलटं म्हणता येत नाही. कॅलिफोर्नियात एका भाडेकरू बँकेने असा दाखला दिला होता. करार कुठल्या तारखेला संपतो याबद्दल नंतर तिने वेगळा दावा केला. अपील न्यायालयाने २००० साली दाखल्यातलीच तारीख तिला बंधनकारक ठरवली.

आपल्या जोडप्याचं पाहू. गेल्या उन्हाळ्यात एसी बंद पडला. करारानुसार दुरुस्ती मालकाची, पण खर्च केला यांनी, ६,५०० डॉलर. ते भाड्यातून वळते करू, असं मालक तोंडी म्हणाला होता. आलेल्या मसुद्यात मात्र छापलंय, 'मालकाकडून कोणतंही येणं नाही.' इथे सही केली, तर नव्या मालकाकडून त्या रकमेची वजावट मागणं जवळपास अशक्य होईल. ९,००० डॉलरच्या डिपॉझिटच्या जागी चुकून ६,००० पडले असतील, तर गाळा सोडताना त्या ३,००० साठीही झगडावं लागेल. असा मसुदा बहुधा मालकाच्या किंवा बँकेच्या वकिलाने केलेला असतो, त्यामुळे मला तो कोऱ्या कागदाइतकाच जपून हाताळण्यासारखा वाटतो.

सही नाकारणं हा सहसा मार्ग नसतो. ठरलेल्या मुदतीत दाखला द्यायचं कलम बहुतेक व्यापारी भाडेकरारांत असतं. काही करारांत तर उत्तर आलं नाही की मसुदा मान्य आहे असं धरलं जातं. पण चुकीचं वाक्य खरं म्हणून लिहून द्यायला करार सांगत नाही. तेव्हा मूळ करार आणि भाड्याच्या पावत्या समोर ठेवून एकेक ओळ ताडून बघावी. न पटणारी ओळ खोडून तिथे लिहावं: 'एसी दुरुस्तीचे ६,५०० डॉलर येणे वगळता.' जे स्वतःला पक्कं ठाऊक नाही, त्यापुढे 'आमच्या माहितीप्रमाणे' असं घालावं. दाखल्यातून नवी अट घुसत असेल, म्हणजे करारात नसलेली जबाबदारी अंगावर येत असेल, तर ती ओळ काढायला लावावी. सही केलेल्या दाखल्याची प्रत करारालाच टाचून ठेवावी.