मुखपृष्ठ सहा बाय नऊ, आतली पानं डेमी

निवृत्त शिक्षक असलेल्या एका स्नेह्यांनी पंधरा वर्षांपूर्वी स्वखर्चाने आठवणींचं पुस्तक काढलं होतं. प्रती संपल्या, आणि नातवंडांनी ईबुकचा आग्रह धरला. सरांकडे उरली होती ती डीटीपीवाल्याने दिलेली आतल्या पानांची पीडीएफ, तेवढीच. मूळ फाईल गेलेली, डीटीपीवाल्याने दुकानही बंद केलेलं. त्यातच एका चित्रकार मित्राने नवं मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ करून दिलं. आतली पानं डेमी, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच, तर चित्रं सहा बाय नऊ. "चित्र कापायचं नाही आणि अनुक्रमणिकेतला एकही आकडा चुकता कामा नये," एवढी सरांची अट होती.

माझ्याकडे येण्याआधी घरात दोन प्रयोग होऊन गेले होते. पहिल्यात पीडीएफ वर्डमध्ये उघडली. पुस्तक युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये जुळवलेलं, त्यामुळे मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला झाला. पीडीएफमध्ये अक्षरांचे आकार फाईलच्या पोटात साठवलेले असतात, म्हणून ती जशीच्या तशी दिसते. वर्ड मात्र मजकूर उचलून पुन्हा मांडायला जातो आणि तिथेच फसतो. दुसऱ्या प्रयोगात सगळं एकत्र करून 'प्रिंट टू पीडीएफ' केलं. प्रिंटरला एकच कागद माहीत असतो. त्यामुळे सगळी पानं ए-फोर झाली, डेमीभोवती पांढऱ्या पट्ट्या आल्या आणि अनुक्रमणिकेवर क्लिक केलं की प्रकरणाकडे नेणारे दुवे गेले.

खरं तर वेगवेगळ्या मापांबद्दल पीडीएफची काही तक्रारच नसते. तिच्यात प्रत्येक पान आपलं माप स्वतःच्या नावावर लिहून ठेवतं. हे माप पॉइंटमध्ये असतं आणि एका इंचात ७२ पॉइंट येतात. डेमीचं पान ३९६ बाय ६१२, चित्राचं पान ४३२ बाय ६४८. दोन्ही एकाच फाईलमध्ये सुखाने नांदतात. फक्त नवीन पानं जोडायची, जुन्यांना पुन्हा 'छापायचं' नाही.

पानांच्या आकड्यांचं प्रकरण थोडं नाजूक आहे, कारण एकाच पानाला तीन आकडे असतात. पहिला, पानाच्या तळाशी छापलेला. तो शाईसारखा पानातच मुरलेला असतो, पुढे काहीही जोडलं तरी हलत नाही. दुसरा, फाईलमधला अनुक्रम: वरून मोजत गेलं तर कितवं पान. हा मुखपृष्ठ जोडताच एकाने पुढे सरकतो, त्याला इलाज नाही. तिसरा म्हणजे लेबल. वाचायच्या प्रोग्रामने वरच्या चौकटीत कोणता आकडा दाखवावा, याची ती फाईलमधली वेगळी नोंद. गोंधळ होतो तो ही नोंद नसल्यामुळे. सरांच्या पुस्तकात अर्पणपत्रिका, प्रस्तावना, अनुक्रमणिका मिळून ८ पानं आणि मग १ ते १२८. मुखपृष्ठ जोडल्यावर छापील पान १ हे फाईलमधलं १०वं पान झालं. अनुक्रमणिकेत 'शाळेचा पहिला दिवस' ३७व्या पानावर, वाचकाने चौकटीत ३७ टाकलं की तो पोचतो छापील २८वर.

मी वापरला तो क्यूपीडीएफ हा मोफत प्रोग्राम. त्यात बटणं नाहीत, काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करावी लागते.

```
qpdf aatla.pdf --pages mukh.pdf . mal.pdf -- jod.pdf
```

यातला टिंब महत्त्वाचा. टिंब म्हणजे 'सुरुवातीला जिचं नाव घेतलं ती फाईल', म्हणजेच आतली पानं. ती मुख्य धरली की तिच्याबरोबरचे बुकमार्क आणि दुवे टिकतात. अनेकजण मुखपृष्ठाची फाईल आधी उघडतात आणि पुस्तक तिला जोडतात. दिसायला फरक नाही, पण मग घरमालक मुखपृष्ठ होतं आणि पुस्तकाचे बुकमार्क बाहेर राहतात. अनुक्रमणिकेतले दुवे पानाच्या आकड्याकडे नव्हे, तर त्या पानाकडेच बोट दाखवतात. म्हणून पुढे एक पान आलं तरी ते चुकत नाहीत.

मग लेबलं:

```
qpdf jod.pdf --set-page-labels 1://Cover 2:r 10:D z://Back -- pustak.pdf
```

पहिल्या पानाला आकडा नाही, नुसतं Cover. दुसऱ्यापासून छोटे रोमन अंक, i ते viii. दहाव्यापासून साधे आकडे, पुन्हा १पासून. z म्हणजे शेवटचं पान, इथे १३८वं. त्याला Back म्हटलं नसतं तर मलपृष्ठावर १२९ आलं असतं. ही सोय क्यूपीडीएफच्या अलीकडच्या आवृत्त्यांतच आहे. एक खंत: लेबलांसाठी पीडीएफला साधे आकडे, रोमन अंक आणि इंग्रजी अक्षरं एवढेच प्रकार ठाऊक आहेत. पानाच्या तळाशी ३७ देवनागरीत असलं तरी चौकटीत 37च दिसणार. पैसे भरून घेतलेल्या ॲक्रोबॅटमध्ये हीच दोन्ही कामं माऊसने होतात. नुसत्या रीडरमध्ये होत नाहीत.

माझी स्वतःची फजिती झाली ती याआधीच. मुखपृष्ठाचं चित्र १८०० बाय २७०० पिक्सेलचं जेपीजी होतं. इंचाला ३०० पिक्सेल धरले तर ते बरोबर सहा बाय नऊ. मी ज्या प्रोग्रामने त्याची पीडीएफ केली त्याने इंचाला ७२ धरले, आणि मुखपृष्ठ झालं २५ बाय साडेसदतीस इंचाचं! पडद्यावर मात्र ते पान रुंदीत बसवून दाखवलं जात होतं, त्यामुळे कळलं नाही. सरकवताना पुढचं पान पोस्टाच्या तिकिटाएवढं दिसलं तेव्हा लक्षात आलं. उपाय म्हणजे माप आपणच सांगायचं:

```
img2pdf --pagesize 6inx9in mukh.jpg -o mukh.pdf
```

काम झाल्यावर डोळ्यांवर विसंबू नये. `pdfinfo -f 1 -l 138 pustak.pdf` म्हटलं की प्रत्येक पानाचं माप ओळीने दिसतं. पहिलं आणि शेवटचं ४३२ बाय ६४८, मधली १३६ सगळी ३९६ बाय ६१२ हवीत. मग चौकटीत ३७ टाकून पाहायचं. ॲक्रोबॅट लेबलं दाखवत नसेल तर सेटिंगमध्ये `Use logical page numbers` वर खूण आहे का ते बघायचं.

दोन ठिकाणी हात टेकावे लागतात. मोबाइलवरची बरीच ॲप लेबलांकडे ढुंकूनही बघत नाहीत, ती नुसती मोजणी दाखवतात. आणि जुन्या फाईलच्या पत्त्यापुढे `#page=45` लावून कुणी दुवा पाठवला असेल, तर तो फाईलमधला अनुक्रम मोजतो, म्हणून आता एक पान आधी उघडेल. अशा दुव्यांत एक मिळवण्यावाचून मार्ग नाही.

सरांनी फाईल उघडली, चष्मा कपाळावर ढकलून अनुक्रमणिकेतले सगळे आकडे एकेक करून टाकून बघितले. मग म्हणाले, "सगळं बरोबर आहे. पण ९१व्या पानावर 'आशिर्वाद' लिहिलंय, ऱ्हस्व शि. तेवढं करता येईल का?"