‘गो’ म्हणण्याआधीचा कागद

शाळेच्या नाटकात चेटकीण येते, ती विजेच्या कडकडाटासह. पण तालमीत बऱ्याचदा चेटकीण रंगमंचाच्या मध्यावर पोचते आणि कडकडाट मागाहून होतो. चूक कागदावरची असते. तिथे नुसतं ‘चेटकीण येते तेव्हा’ असं लिहिलेलं असतं, आणि ते ‘तेव्हा’ प्रत्येकाचं वेगळं.

म्हणून संहितेचं पान वहीच्या एका बाजूला चिकटवतात आणि समोरच्या कोऱ्या पानावर रंगमंचाचा नकाशा काढतात. उजवं-डावं ठरतं प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या नटाच्या बाजूने. हे पहिल्याच दिवशी मुलांना सांगावं, नाहीतर निम्मी मुलं चुकीच्या विंगेत उभी राहतात. हालचाल वाक्याच्या नेमक्या शब्दावर खूण करून लिहायची: ‘आई, कोण आलं?’मधल्या ‘कोण’वर राजू उजवीकडून बाकाकडे. सगळं पेन्सिलीनेच, कारण तालमीत जागा बदलतातच.

हालचाली पक्क्या झाल्या की मगच क्यू. प्रकाशाला आकडे, ध्वनीला अक्षरं दिली, की ‘सात’ आणि ‘ग’ यांत गोंधळ होत नाही. चेटकिणीचा क्यू असा: ‘आलं?’ या शब्दावर प्रकाश सात, 3 सेकंदांत निळा. ध्वनी ग, कडकडाट, त्याच क्षणी. चेटकीण आवाज ऐकून विंगेतून निघते.

अर्धं पान आधी ‘सात आणि ग, तयार’ अशी सूचना लिहिलेली हवी. मग शब्द आला की ‘सात आणि ग, गो’. ‘गो’ नेहमी शेवटी, कारण तो ऐकताच बटणावरचं बोट दाबलं जातं. ऐनवेळी मध्ये नवा प्रकाश आला तर त्याला साडेसात म्हणावं. पुढचे सगळे आकडे बदलू नयेत.