पाच विषय, दहा तास

समजा, पुण्यातली एलएलबीची एक विद्यार्थिनी सकाळी कॉलेज करते, अकरा ते पाच वकिलांबरोबर शिवाजीनगर कोर्टात असते आणि संध्याकाळी क्लासमध्ये शिकवते. तिने आठवडाभर खरे मोकळे तास लिहून काढले, तर सोमवार ते शुक्रवार रोज एक, शनिवारी दोन आणि रविवारी तीन, असे दहा निघतात. विषय पाच म्हणून प्रत्येकाला दोन तास, ही वाटणी दिसायला न्याय्य, पण मला चुकीची वाटते.

दिवाणी प्रक्रिया संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष अधिनियम हे तीन विषय तिला कोर्टात रोज भेटतात. त्यांची उजळणी त्याच रात्री, त्या दिवशीच्या प्रकरणावरूनच करावी. मंगळवारी सत्र न्यायालयात जामीन अर्जाचा युक्तिवाद ऐकला, तर रात्री पुस्तक मिटून वीस मिनिटांत कलम ४८३ लिहायचं: न्यायालयाला कोणते अधिकार आहेत, अटी काय घालता येतात, सरकारी वकिलांना नोटीस कधी द्यावी लागते. मग पुस्तक उघडून सुटलेलं लाल शाईने भरायचं. शुक्रवारी फक्त तो लाल भाग पुन्हा, न बघता.

इथे एक अडचण हमखास येते. १ जुलै २०२४ पूर्वीच्या गुन्ह्यांना जुनी दंडसंहिताच लागू असल्याने कोर्टात अजून ३०२ आणि ४२० हेच आकडे कानावर पडतात. पेपरात मात्र न्याय संहितेचं १०३ आणि ३१८ लिहायचं असतं. म्हणून खिशातल्या डायरीत दोन रकाने आखून जुनं आणि नवं कलम समोरासमोर, ऐकलं त्याच दिवशी उतरवावं.

मालमत्ता हस्तांतरण आणि कंपनी कायदा कोर्टात तिच्या वाट्याला क्वचितच येतात, म्हणून रविवारचे तिन्ही तास आणि शनिवारचा एक तास त्यांचाच. कलम ५३अ चं उदाहरण घ्या. अधोरेखित नोट्स तिसऱ्यांदा वाचल्या की सगळं येतंय असं वाटतं. कोरा कागद घेतला की लेखी करार, ताबा आणि खरेदीदाराची आपली बाजू पुरी करण्याची तयारी एवढं आठवतं, पण २००१ पासून हा करार नोंदणीकृतच लागतो, हे सुटतं. तेवढ्याने उत्तर अर्धं राहतं.

शनिवारचा दुसरा तास मुद्दाम रिकामा ठेवावा. एखाद्या दिवशी सुनावणी लांबते, वकील ऑफिसात थांबवून घेतात आणि त्या रात्रीची उजळणी बुडते. ती भरून काढायला हाच तास. सलग दोन आठवडे तो पुरला नाही, तर क्लासची एक बॅच सोडायला हवी. झोपेतून तास काढू नका.