दादा, येताना लॅपटॉप आणशील?

जर्मनीतल्या मामेभावाला ‘चांगलासा लॅपटॉप आण’ एवढंच लिहिलं, तर तो दुकानात गोंधळणारच. पत्र असं हवं:

‘दादा, लॅपटॉप कॉलेजच्या प्रोग्रॅमिंगसाठी हवाय. रॅम 16 जीबी बघ. बऱ्याच पातळ मॉडेलांत ती बोर्डालाच जोडलेली असते, नंतर वाढवता येत नाही. एसएसडी 512 जीबी पुरे. स्क्रीन 14 इंची, वजन दीड किलोच्या आत. कीबोर्ड मात्र इंग्रजी मागून घे. तिथल्या जर्मन कीबोर्डवर वाय आणि झेडची अदलाबदल असते, कंसांची बटणंही भलतीकडे. चार्जरवर 100 ते 240 व्होल्ट छापलंय ना, तेही बघ. मग इथे फार तर पिनेचा प्रश्न उरतो.’

शेवटी दोन गोष्टी विचाराव्यात. वॉरंटी भारतात चालेल का, हे कंपनीकडून लेखी घ्यावं. नाहीतर बिघाड झाल्यावर खर्च आपल्याच माथी. आणि दादा स्वतःचाही लॅपटॉप आणणार आहे का? अठरा वर्षांवरील प्रवाशाला एकच लॅपटॉप शुल्कमाफ असतो. दुसरा असेल, तर कस्टम्सचे नियम आधी पाहावेत आणि बिल जवळ ठेवावं.