जर्मन की जपानी? फायदा कितव्या पायरीवर सुरू होतो ते पाहा

चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात फोक्सवॅगन आणि मर्सिडीजचे कारखाने आहेत. त्याच पट्ट्यात ब्रिजस्टोन ही जपानी कंपनी टायर बनवते आणि थोडं पुढे तळेगावला मित्सुबिशी इलेक्ट्रिक आहे. त्यामुळे पुण्यातल्या इंजिनिअरला या दोन्ही भाषा तशा अनोळखी नाहीत. नोकरीला दोन-तीन वर्षं झाली, बढतीची वाट अरुंद दिसू लागली, की जर्मनचा वर्ग लावावा की जपानीचा हा प्रश्न निघतोच. त्यावर ठरलेलं उत्तरही मिळतं. जर्मन सोपी पण शिकणारे फार, जपानी अवघड पण मागणी मोठी. हे चूक नाही, पण त्यावरून निर्णय घेता येत नाही. खरा फरक वेगळा आहे. जर्मन शिकणाऱ्याला पहिल्या-दुसऱ्या पायरीपासून थोडं थोडं हाती लागत जातं. जपानी बराच काळ काहीच देत नाही आणि मग एकदम देते.

जर्मनच्या पायऱ्या ए१ पासून सी२ पर्यंत सहा आहेत. जपानीच्या एन५ पासून एन१ पर्यंत पाच, आणि त्यात एन१ सर्वांत वरची. कोणती पायरी गाठायला किती वेळ लागतो याचा एक अंदाज अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याकडून मिळतो. ते आपल्या अधिकाऱ्यांना भाषा शिकवतं. कामापुरती भाषा येण्यासाठी त्यांच्या हिशेबात जर्मनला पूर्णवेळ अभ्यासाचे साधारण ३६ आठवडे लागतात आणि जपानीला ८८.

हा हिशेब इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांचा आहे. मराठी माणसासाठी तो थोडा बदलतो. जपानी वाक्यात कर्ता आधी, कर्म मधे आणि क्रियापद शेवटी येतं, म्हणजे थेट आपल्यासारखंच. नामाला चिकटणारे प्रत्ययही आपल्या ‘ला’, ‘चा’, ‘ने’ यांच्या धर्तीवर नामाच्या मागेच येतात. म्हणून पुण्यातले बरेच विद्यार्थी पहिल्या सहा महिन्यांत जपानी बोलू लागतात आणि ही भाषा उगाच बदनाम आहे असं त्यांना वाटतं. जर्मनमध्ये उलट होतं. लिपी रोमन, शब्द इंग्रजीच्या नात्यातले, पण प्रत्येक नामाचं लिंग पाठ करावं लागतं. तीन लिंगांची मराठीमुळे सवय आहे, एवढाच दिलासा. जर्मनमध्ये चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी आणि सुरी नपुंसकलिंगी, आणि त्यावर कोणाचा इलाज नाही.

मग जपानी अडते कुठे? वाचनात. हिरागाना आणि काताकाना या दोन लिप्या महिन्याभरात येतात. त्यानंतर कांजी, म्हणजे चिनी चित्राक्षरं. जपान सरकारच्या नित्य वापराच्या यादीत ती २,१३६ आहेत. पर्यटकाला त्यांच्याशिवाय भागवता येतं, इंजिनिअरला नाही, कारण त्याचं काम वाचण्याचंच आहे. जपानी ग्राहक जे ‘शियोशो’ पाठवतो, म्हणजे उत्पादन कसं हवं ते सांगणारा तपशीलवार दस्तऐवज, तो कांजींनी भरलेला असतो. त्याच्या तळटीपेतली एक अट नीट कळली नाही तर चाचणीच चुकीच्या तापमानाला होते. जर्मन कंपनीत याच जागी ‘लास्टनहेफ्ट’ येतो. तोही क्लिष्टच, पण अडलेला शब्द निदान अक्षर अक्षर टंकून शोधता येतो. शिवाय जर्मन आराखडे आपल्याकडच्या शिकवणीप्रमाणे प्रथम कोन प्रक्षेपणात असतात आणि जपानी तृतीय कोनात. भाषा उत्तम येत असली तरी हे लक्षात न ठेवणारा डावी-उजवी बाजू उलटी वाचतो.

आता पायऱ्यांकडे येऊ. एक काल्पनिक पण नेहमीचं उदाहरण घ्या. वय २९, शासकीय तंत्रनिकेतनातून मेकॅनिकलची तीन वर्षांची पदविका, आणि त्यानंतर डिझाइन विभागात पाच वर्षांचा अनुभव. जर्मनीने जून २०२४ पासून ‘शान्सेनकार्टे’ म्हणजे संधी-कार्ड सुरू केलं आहे. हातात नोकरी नसताना जर्मनीत जाऊन एक वर्ष नोकरी शोधण्याची ही परवानगी आहे. ज्यांची पदवी जर्मन पदवीशी पूर्ण समतुल्य ठरते त्यांना यात गुण मोजावे लागत नाहीत. पदविकाधारक बहुधा त्यात बसत नाही. त्याला सहा गुण जमवावे लागतात, आणि निदान ए१ जर्मन किंवा बी२ इंग्रजी ही प्राथमिक अट पुरी करावी लागते. पस्तिशीच्या आतल्या वयाचे त्याला दोन गुण मिळतात. आपल्याच क्षेत्रातल्या गेल्या सात वर्षांतल्या पाच वर्षांच्या अनुभवाचे तीन. झाले पाच. एक कमी पडतो, आणि तो ए२ जर्मनने मिळतो. बी१ असेल तर दोन आणि बी२ असेल तर तीन. शनिवार-रविवारच्या वर्गात ए२ साधारण वर्षभरात होतं. म्हणजे वर्षाच्या अभ्यासाने हा माणूस रेषेच्या अलीकडून पलीकडे जातो.

रेषेपलीकडे गेलं म्हणजे नोकरी लागली असं मात्र नाही. कार्डावर आठवड्याला वीस तासांपर्यंतच अर्धवेळ काम करता येतं, वर्षभराच्या खर्चाचे पैसे आधी दाखवावे लागतात, आणि नोकरी मिळाल्यावर पगाराच्या आणि अनुभवाच्या अटी नव्याने लागतात. ए२ घेऊन स्टुटगार्टजवळच्या दोनशे माणसांच्या यंत्रनिर्मिती कंपनीत मुलाखतीला बसलं, तर पहिल्या पाच मिनिटांतच गाडी अडते. अशा मध्यम कंपन्यांत कारखान्याच्या मजल्यावर जर्मनच चालते. तिथे बी२ तरी हवं.

पदवीधर इंजिनिअरला जर्मनीत वेगळं दार आहे, ते ब्लू कार्डाचं. ते मिळण्यासाठी भाषेची अटच नाही. हवी ती पगाराची ठरावीक रक्कम असलेली नोकरी. २०२५ साली ही रक्कम वर्षाला ४८,३०० युरो होती आणि इंजिनिअरसारख्या तुटवड्याच्या व्यवसायांना सुमारे ४३,७६०. इथेही भाषा छोटे छोटे फायदे देतेच. ए१ असेल तर २७ महिन्यांत कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो, बी१ असेल तर २१ महिन्यांत.

जपानचं गणित असं पायरीपायरीचं नाही. इंजिनिअरचा व्हिसा मिळण्यासाठी भाषेची सरकारी अट नाही, पदवी लागते. पदवी नसेल तर साधारणपणे दहा वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो, म्हणजे वरच्या उदाहरणातल्या पदविकाधारकाला हे दार अजून पाच वर्षं बंदच. पदवीधराला सरकार अडवत नाही, पण कंपनी अडवते. जाहिरातीत ‘एन२ आवश्यक’ असं लिहिलेलं असतं आणि एन४ घेऊन गेलेल्याचा अर्ज बाजूला पडतो. आयटीतल्या काही कंपन्या इंग्रजीवर माणसं घेतात, पण यांत्रिक क्षेत्रात तसं क्वचितच घडतं. एन५, एन४, एन३ या पायऱ्यांवर माणूस दोन-अडीच वर्षं घालवतो आणि पगाराच्या चिठ्ठीत फरक पडत नाही. बहुतेक गळती इथेच होते.

एन२ नंतर मात्र चित्र पालटतं. पुण्या-बंगळुरूत जपानी ग्राहकांची कामं करणाऱ्या कंपन्यांत ‘ब्रिज इंजिनिअर’ नावाची जागा असते. दोन्हीकडच्या संघांमध्ये बसून शियोशो वाचायचा, शंका जपानीत विचारायच्या आणि उत्तरं इथल्या लोकांना इंग्रजीत समजावायची. या माणसाला तंत्र आणि भाषा दोन्ही यावी लागतात, म्हणून रांग छोटी असते. निव्वळ दुभाषा इथे चालत नाही, त्याला सहनशीलता मर्यादा म्हणजे काय ते माहीत नसतं.

जपान सरकारची अतिकुशल व्यावसायिकांसाठीची गुणपद्धतीही हेच सांगते. २९ वर्षांचा, पाच वर्षं अनुभव असलेला पदवीधर घ्या आणि जपानमधला त्याचा पगार वर्षाला ६० लाख येन धरा. वयाचे १५, पदवीचे १०, अनुभवाचे १०, पगाराचे २०, एकूण ५५. पात्रतेला ७० लागतात. एन२ चे १० मिळतात, तरी पाच कमीच. एन१ चे १५ मिळाले की बरोबर ७०. आणि ७० गुण असलेल्याला कायम वास्तव्यासाठी नेहमीच्या दहा वर्षांऐवजी तीन वर्षांत अर्ज करता येतो. एन३ ला या तक्त्यात जागाच नाही.

यात एक खाचही आहे. जपानीच्या या परीक्षेत बोलणं आणि लिहिणं तपासलंच जात नाही. सगळे प्रश्न पर्यायी. एन२ ला १८० पैकी ९० गुण आणि प्रत्येक विभागात किमान १९ मिळाले की उत्तीर्ण. त्यामुळे प्रमाणपत्र भिंतीवर आणि फोनवर तोंड बंद, अशी माणसं पुण्यात सापडतात. मुलाखत घेणाऱ्या जपान्याला हे ठाऊक असतं. म्हणून तो प्रमाणपत्र पाहून मान हलवतो आणि मग विचारतो, मागच्या प्रकल्पात कुठे अडचण आली ती सांगा. आदरार्थी क्रियापदांसह दोन मिनिटं सलग उत्तर देता आलं नाही, तर पुढची फेरी होत नाही. जर्मनच्या गटे प्रमाणपत्रात बी१ पासून वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण असे चार भाग वेगवेगळे उत्तीर्ण व्हावे लागतात, प्रत्येकात ६० टक्क्यांनी. एक भाग राहिला तर तेवढाच पुन्हा देता येतो. जपानीची परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये, वर्षातून दोनदाच. एका विभागात १८ पडले की सहा महिने थांबायचं आणि सगळंच पुन्हा द्यायचं.

दोन्ही देशांकडे आत्ता ज्या आशेने पाहिलं जातं, तिलाही थोडी कात्री लावायला हवी. ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मनीने भारतीय कुशल कामगारांसाठीचे वार्षिक व्हिसा २० हजारांवरून ९० हजारांपर्यंत नेण्याचं जाहीर केलं. दोनच महिन्यांनी फोक्सवॅगनने २०३० पर्यंत जर्मनीतल्या ३५ हजारांहून अधिक नोकऱ्या कमी करण्याचा करार कामगार संघटनेशी केला, आणि २०२५ मध्ये बॉशने आणखी १३ हजारांची कपात सांगितली. म्हणजे व्हिसा वाढत असताना मोटारीच्या इंजिनाचा, गिअरचा इंजिनिअर तिथे पूर्वीइतका हवासा राहिलेला नाही. रेल्वे, वीजजाळं, कारखान्यांचं स्वयंचलन इथे वेगळी स्थिती आहे. जपानमध्ये माणसांचा तुटवडा खरा आहे. भारतातून पाच वर्षांत ५० हजार कुशल लोक नेण्याचं उद्दिष्ट दोन्ही सरकारांनी ऑगस्ट २०२५ मध्ये ठरवलं. पण येन घसरला आहे. २०२१ मध्ये डॉलरला सुमारे ११० येन मिळत, २०२४ च्या मध्यात १६० च्या वर. नव्या पदवीधराला महिन्याला साधारण सव्वादोन ते अडीच लाख येन मिळतात. टोकियोचं भाडं देऊन त्यातून गावाकडे पाठवण्याजोगं फार उरत नाही.

म्हणून वर्ग लावण्यापूर्वी इंजिनिअरने स्वतःला देशाऐवजी वेळेबद्दल विचारावं. वर्ष-दीड वर्षात काहीतरी हाती हवं असेल, किंवा पदविकेवर बाहेर पडायचं असेल, तर जपानी त्याला उपयोगी नाही. चार वर्षं आठवड्याला दहा तास देण्याची तयारी असेल आणि पुण्यात राहूनच भाव वाढवायचा असेल, तर जर्मनपेक्षा जपानीने जास्त मिळतं, कारण बी१ जर्मन असलेले इंजिनिअर चाकणला पुष्कळ सापडतात. आणि एन३ वर थांबायचं असेल, तर सुरुवातच न केलेली बरी.