‘कोणती गोळी घेऊ?’ या प्रश्नाआधीचे प्रश्न

मागचा कार्यक्रम झाल्यावर ढाणकीहून एका मैत्रिणीचा फोन आला. म्हणाली, “ताई, लय दुखते जी, कोणती गोळी घेऊ?” एवढंच. मी गोळीचं नाव सांगितलं नाही. आधी चार प्रश्न विचारले. दुखतंय कोणाला आणि वय किती? कुठं दुखतंय आणि किती दिवसांपासून? आधीचा काही आजार, की पोटात बाळ? आणि सध्या कोणत्या गोळ्या सुरू आहेत? तिला वाटलं, ताई उगाच चौकशी करतात. पण उत्तरं ऐका.

दुखणं तिच्या सासूबाईंच्या गुडघ्यांचं होतं. वय ६२, दुखणं तीन महिन्यांचं. त्यांना बीपी आहे. त्यासाठी टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारी गोळी रोज चालू आहे. गुडघ्यांसाठी दुकानातून आणलेली डायक्लोफेनॅकची पट्टी घरात होती. दोन आठवडे रोज सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी त्या घेत होत्या. आराम पडायचा, म्हणून आणखी एक पट्टी आणायची होती.

आता यात काय बिघडतं ते बघू. आपल्या शरीरात दुखणं आणि सूज वाढवणारे काही पदार्थ तयार होतात. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या गोळ्या ते पदार्थ कमी करतात, म्हणून आराम पडतो. पण त्याच जातीचे पदार्थ जठराच्या आतल्या अस्तराला आम्लापासून जपतात आणि मूत्रपिंडाला पुरेसं रक्त मिळू देतात. गोळीला गुडघा तेवढा वेगळा काढता येत नाही. ती सगळीकडेच काम करते. त्यामुळे जठरात जखम होऊ शकते, बीपी वाढू शकतं. आणि टेल्मिसार्टनसारखी गोळी, लघवीची गोळी व ही दुखण्याची गोळी, अशा तिन्ही एकत्र आल्या की मूत्रपिंडावर मोठा ताण येतो. त्यात वय जास्त, उन्हातान्हात शेतात काम आणि पाणी कमी, मग धोका आणखी वाढतो.

मी विचारलं, “लघवी कमी झाली का? पायांवर सूज? शौच काळी, डांबरासारखी होते का?” पाय आठ दिवसांपासून सुजत होते. घरच्यांना वाटलं, गुडघ्यांमुळेच. मी सांगितलं, डायक्लोफेनॅक आजच थांबवा. बीपीच्या गोळ्या मात्र मनानं बंद करू नका. उद्या सकाळी सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून दवाखान्यात जा. बीपी मोजून घ्या आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिनची रक्ततपासणी करायची का ते डॉक्टरांना विचारा. शौच काळी असती, तर उद्याची वाटही बघायला सांगितली नसती.

फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, “माही कंबर दुखली, तवा मीबी त्यातल्या दोन घेतल्या.” तिला सहावा महिना आहे! गरोदरपणात विसाव्या आठवड्यानंतर या जातीच्या गोळ्यांनी बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं. शेवटच्या महिन्यांत बाळाच्या हृदयाजवळची रक्तवाहिनी वेळेआधी आकसू शकते. दोन गोळ्यांनी अनर्थ झालाच असं नाही, पण पुढची घ्यायची नाही आणि तपासणीच्या वेळी डॉक्टरांना सांगायचं. कंबर थांबून थांबून दुखत असेल, पोट कडक होत असेल किंवा रक्त जात असेल, तर ती साधी कंबरदुखी समजू नका, लगेच दवाखाना गाठा.

एक घर, एकच पट्टी, आणि दोघींसाठी ती चुकीची, कारणं मात्र वेगळी.

मग घ्यायचं काय? मोठ्या माणसाला एक-दोन दिवसांच्या साध्या दुखण्यासाठी पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅमची एक गोळी घेता येते. दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर ठेवा आणि दिवसात चारच्या वर जाऊ नका. यकृताचा आजार असेल किंवा रोज दारू पिण्याची सवय असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, म्हणून पट्टीवरचं नाव वाचा, नाहीतर तेच औषध दुप्पट जातं. मुलांचं प्रमाण वजनावर ठरतं. मोठ्यांची गोळी अर्धी करून देऊ नका. पावसाळ्यात ताप आणि अंगदुखी असेल, तर डेंग्यू नाही असं कळेपर्यंत डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन टाळा, कारण त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो.

गुडघ्याचं दुखणं तीन महिने टिकलं, तर रोजच्या गोळीनं ते फक्त झाकलं जातं. ते तपासून घ्यायलाच हवं. आणि छातीत दुखून घाम फुटला, किंवा दुखणं हातात, जबड्यात गेलं, तर गोळी शोधत बसू नका, १०८ला फोन करा.

पुढच्या वेळी दुकानात, दवाखान्यात किंवा आम्हाला विचाराल तेव्हा असं सांगा: “सासूबाई, वय ६२, गुडघे तीन महिन्यांपासून, बीपी आहे, या गोळ्या चालू आहेत.” एवढं कळलं की उत्तर देणाऱ्याला चुकीची गोळी टाळता येते.